फर्निचरच्या दालनाचे प्रास्ताविक

नव्या दुकानाच्या उद्‌घाटनात फीत कापण्याआधी जे छोटे भाषण होते, त्याला आपल्याकडे प्रास्ताविक म्हणतात. पाहुणे बहुधा उभे असतात, दारात गर्दी असते आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज चालूच असतो. त्यामुळे असे भाषण तीन मिनिटांत संपले पाहिजे, म्हणजे साधारण तीनशे शब्दांत. त्यात कामे दोनच: आलेल्यांचे स्वागत आणि आत काय मांडले आहे याची ओळख. आभारप्रदर्शन शेवटी स्वतंत्रपणे होते, म्हणून ते इथे ओढून आणू नये.

स्वागतात घसरण्याची जागा म्हणजे नावांची यादी. दहा-बारा नावे पदांसह वाचली की दीड मिनिट तिथेच जाते आणि एखादे नाव राहिले तर तोच माणूस नेमका समोर असतो. प्रमुख पाहुण्यांचे नाव घ्यावे, बाकीच्यांचे स्वागत एकत्र करावे आणि त्यानंतर फर्निचर घडवणाऱ्या सुताराचे नाव घ्यावे. हे तिसरे नाव बहुतेक समारंभांत निसटते. कारागिरीचे कौतुक करायचे आणि कारागीर मागे गोदामापाशी उभा, असे दृश्य बरे दिसत नाही.

कारागिरीबद्दल बोलताना ‘उत्कृष्ट’, ‘दर्जेदार’, ‘जागतिक तोडीचे’ हे शब्द काही सांगत नाहीत. प्लायवूडच्या दुकानातही तेच ऐकू येतात. त्याऐवजी एकच वस्तू घ्यावी आणि तिच्यातला एक सांधा लोकांना दाखवावा. खुर्चीचेच पाहा. माणूस मागे रेलला की सगळा ताण मागचा पाय आणि बैठकीची आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे येतो, आणि खुर्ची बहुधा तिथेच खिळखिळी होते. नुसत्या खिळ्यांवर किंवा स्क्रूवर धरलेला हा सांधा हलत राहिला की भोक मोठे होत जाते. जाणता सुतार पट्टीच्या टोकाला कूस काढतो, पायात पटाशीने तेवढीच खाच पाडतो आणि सरस लावून दोन्ही एकमेकांत बसवतो. कूस सैल झाली तर सरस तिला धरून ठेवत नाही. फार घट्ट झाली तर ठोकताना पाय चिरतो. कौशल्य आहे ते या मापात.

समजा, चंद्रपुरात सागवानी फर्निचरचे दालन उघडते आहे. जवळच्या बल्लारपूरच्या आगारातले सागवान प्रसिद्ध आहे; अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये तिथूनच लाकूड गेले. तिथले प्रास्ताविक असे करता येईल:

“नमस्कार. आजच्या प्रमुख पाहुण्यांचे आणि वेळ काढून आलेल्या आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. आणखी एक स्वागत करायचे आहे, आमच्या मुख्य मिस्त्रींचे. आत मांडलेली प्रत्येक खुर्ची त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातून गेली आहे. मिस्त्री, जरा पुढे या. ही खुर्ची बघा. हिच्या पायाच्या सांध्यात खिळा नाही. कूस आणि खाच आहे. शंका असेल तर मागे रेलून बसा. लाकूड आपल्या जिल्ह्यातले सागवान आहे, आणि पुरते वाळल्यावरच त्याला रंधा लावला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: पावसाळ्यात टेबलाचा खण थोडा जड सरकेल. तो सदोष नसतो, लाकूड ओल धरते. आता पाहुण्यांना विनंती, फीत कापावी. आत आल्यावर प्रत्येक खण उघडून बघा.”

खणाविषयीचे ते वाक्य विक्रेत्याला नकोसे वाटेल, पण ते ठेवण्यासारखे आहे. अस्सल लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वाळवण कितीही चांगली असली तरी हे पूर्ण थांबत नाही. म्हणूनच टेबलाची रुंद फळी खाली पक्की आवळून टाकत नाहीत, स्क्रूची भोके लांबट ठेवतात. लाकूड कच्चे असेल तर मात्र वर्षाच्या आत सांध्यात फट पडते, फळी वाकते. हा फरक पहिल्याच दिवशी समजलेले गिऱ्हाईक जुलैमध्ये भांडायला येत नाही.

न सांगण्याच्याही काही गोष्टी आहेत. ‘वाळवी कधीच लागणार नाही’ असे म्हणू नये. सागाचा गाभा वाळवीला चांगला दाद देत नाही, पण सालीलगतचे फिकट लाकूड पोखरले जाते. आतल्या काही वस्तू लाकडी पापुद्रा चिकटवलेल्या असतील, तर सगळे सागवानच आहे असे बोलणे सरळ फसवणूक ठरते. किंमत, सवलत आणि हप्ते हे विषयही माइकवर नकोत; त्यांच्यासाठी पत्रक पुरेसे आहे.