वजाबाकीवर पेटणारी मशाल

गेममधल्या किल्ल्याच्या भिंतीवर मशाल जळत असते. पिवळा बुंधा, त्यावर नारिंगी, टोकांना लाल, आणि रंगांच्या कडा ब्रशने ओढाव्यात तशा ठळक. ही आग कुणी एकेक चित्र काढून हलवलेली नसते. तिच्यात हवेचा किंवा इंधनाचा खरा हिशेबही नसतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात आणि तेवढ्यात आख्खा किल्ला उभा करायचा असतो. मग मशालीच्या वाट्याला येतो तो शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा चार-सहा ओळींचा प्रोग्राम. ज्योतीच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तो एकच आकडा काढतो. आपण त्याला ‘उष्णता’ म्हणू. ठिपका दिसणार की नाही आणि दिसला तर कोणत्या रंगात, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं.

या आकड्याचा कच्चा माल म्हणजे नॉइज. १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटासाठी संगणकचित्रांचं काम केल्यावर केन पर्लिन यांना त्या चित्रांतला यांत्रिक गुळगुळीतपणा खटकत होता. त्यावर त्यांनी शोधलेली पद्धत १९८५ मध्ये सिग्राफ परिषदेत मांडली गेली आणि पुढे १९९७ मध्ये तिला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. ठिपक्यांना नुसते वाटेल ते आकडे दिले तर खरखर दिसते, कारण शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी काही संबंध नसतो. पर्लिन नॉइजमध्ये शेजारचे आकडे एकमेकांच्या जवळपास राहतात, त्यामुळे मऊ कडांचे करडे डाग तयार होतात. काळ्या जागी ०, पांढऱ्या जागी १, बाकी सगळं अधेमधे.

आता मशाल उभी करू. पायाशी गोल, वर निमुळता असा एक पोकळ आकार घ्यायचा आणि त्याभोवती नॉइजचं चित्र गुंडाळायचं. बुंध्याची उंची ०, टोकाची १. मग हे चित्र गिरणीच्या पट्ट्यासारखं अखंड वर सरकवायचं. एकच थर सरकवला तर डोळा लगेच ओळखतो की डाग तसेच आहेत, फक्त वर चाललेत. म्हणून वेगवेगळ्या आकाराचे आणि वेगाचे दोन थर घेऊन त्यांची सरासरी काढतात. डाग एकमेकांत मिसळतात, फाटतात, पुन्हा जुळतात.

पण एवढ्यावर दिसतो तो नुसता वर जाणारा धूर. त्याची ज्योत होते ती पुढच्या वजाबाकीने: नॉइजमधून उंची वजा करायची.

```glsl
float a = texture(noiseTex, vec2(uv.x * 2.0, uv.y - t * 0.61)).r;
float b = texture(noiseTex, vec2(uv.x * 3.0, uv.y * 1.5 - t * 1.47)).r;
float heat = (a + b) * 0.5 - uv.y + 0.3;
if (heat < 0.2) discard;
vec3 color = texture(rampTex, vec2(heat, 0.5)).rgb;
```

तिसऱ्या ओळीत सगळी मेख आहे. समजा, नॉइजची सरासरी ०.५ आली. ०.१ उंचीवर उष्णता ०.७ होते, ०.३ वर ०.५, ०.५ वर ०.३ आणि ०.७ वर फक्त ०.१. चौथी ओळ ०.२ पेक्षा कमी असलेला ठिपका टाकूनच देते, म्हणजे इथे ज्योत संपली. शेजारच्या जागी नॉइज ०.९ असेल तर त्याच ०.७ उंचीवर उष्णता ०.५ उरते आणि तिथे आगीची जीभ वर निघते. बुंध्याशी मात्र नॉइज शून्य असला तरी ०.३ उरतातच, त्यामुळे तळ कधी तुटत नाही. ज्वाळांच्या जिभा कुणी रेखाटलेल्या नसतात, त्या या वजाबाकीतून उरतात.

पाचवी ओळ रंगांची. रॅम्प ही एक अरुंद रंगपट्टी: डावीकडून ०.४ पर्यंत लाल, ०.६५ पर्यंत नारिंगी, पुढे पिवळा. उष्णतेचा आकडा पट्टीवर जिथे पडेल तो रंग उचलायचा. पट्टीत रंग एकमेकांत विरघळत नेले तर आग खऱ्यासारखी मऊ दिसते, सरळ तोडले तर चित्रातली. पट्टी हिरवी-निळी केली की तीच मशाल भुताटकीची. गणित तसंच राहतं.

इथे एक चूक हमखास होते. पिवळ्याधमक बुंध्यात मधूनच गडद लाल ठिगळं चमकून जातात. कारण बुंध्याशी उष्णता कधीकधी १ च्या पुढे जाते. नॉइज ०.९ आणि उंची ०.०५ असेल तर ती होते १.१५. पट्टी १ वर संपते आणि टेक्स्चरची सेटिंग ‘रिपीट’ असेल तर कार्ड पुन्हा सुरुवातीपासून मोजून ०.१५ चा गडद लाल रंग आणतं. सेटिंग ‘क्लॅम्प’ केली की १ च्या पुढच्या सगळ्यांना शेवटचा पिवळाच मिळतो. नॉइजच्या चित्राला मात्र ‘रिपीट’च हवं, नाहीतर ते वर सरकणारच कसं? त्याची आडवी घडी २ किंवा ३ अशी पूर्णांकात ठेवायची. १.७ केली तर गुंडाळीची दोन टोकं जुळत नाहीत आणि ज्योतीच्या एका अंगाला उभी शिवण दिसते.

वेगांचे आकडे ०.६१ आणि १.४७ असे विचित्र का? ०.६ आणि १.५ घेतले तर दर सव्वातीन-साडेतीन सेकंदांनी दोन्ही थर एकदमच मूळ जागी येतात आणि तीच आग पुन्हा सुरू होते. ०.६१ आणि १.४७ ना पुन्हा जुळायला बरोबर १०० सेकंद लागतात. तेवढा वेळ एका मशालीकडे कोण बघत बसतंय!

एवढं करूनही आकाराची बाह्यरेषा ताठच राहते, नाच चालतो तो फक्त आतल्या आत. म्हणून आकाराचे शिरोबिंदू, म्हणजे व्हर्टेक्स, हेही नॉइजनेच ढकलतात. ढकलण्याला उंचीच्या वर्गाने गुणायचं: बुंध्याशी ०, मध्यावर ०.२५, टोकाला १. त्यामुळे मशालीच्या दांड्याला ज्योत चिकटून राहते आणि शेंडा लवतो. नॉइज ० ते १ असतो, म्हणून आधी ०.५ वजा करायचे. ते राहून गेलं की ज्योत कायम एकाच बाजूला कललेली दिसते. शिवाय बिंदूंचे आडवे थर पुरेसे हवेत. चारच थर असतील तर ज्योत लवत नाही, कोन करून मोडते.

या पद्धतीची खरी कमाई कळते मशाल विझवताना. तिसऱ्या ओळीतले ०.३ हळूहळू उणे ०.८ पर्यंत उतरवायचे, बस. आधी जिभा आखडतात, मग पिवळा जातो, नारिंगी जातो, शेवटी बुंध्याशी लाल डाग उरून तेही पुसले जातात. पण ठिपके रंगवणं म्हणजे प्रकाश पाडणं नव्हे. भिंतीवरचा उजेड गेममध्ये वेगळा दिवा ठेवून पाडावा लागतो. त्या दिव्याची तीव्रता याच आकड्याला जोडायला हवी. ती जोडायची राहिली तर मशाल विझते आणि भिंत मात्र उजळलेलीच राहते.