‘एवढे नीट करून द्या’: जुन्या फाँटमधला मराठी मजकूर वाचनीय करताना

जुन्या संगणकावर टंकलेले मराठी पत्र नव्या संगणकावर उघडले की काही वेळा अक्षरांऐवजी असे काहीतरी दिसते:

```
ftYgk ifj"kn dk;kZy;
```

सोबत सूचना एवढीच असते: ‘हे नीट करून द्या.’ फाइल खराब झाली असावी, असा पहिला समज होतो. पण यातले एकही अक्षर हरवलेले नसते. कृतिदेवसारखे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाइलमध्ये साठते ते `e`, कृतिदेव ते ‘म’ असे दाखवतो. फाँट नसलेल्या संगणकावर मूळ `e` उघडा पडतो. युनिकोडमध्ये मात्र ‘म’ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कोणत्याही युनिकोड देवनागरी फाँटमध्ये ‘म’च राहतो.

पहिले काम निदानाचे. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केले की फाँटच्या चौकटीत मूळ फाँटचे नाव दिसते. तो फाँट संगणकावर नसला तरीही. नाव पुसले गेले असेल, तर चिन्हांच्या ठेवणीवरून अंदाज बांधता येतो. साधी इंग्रजी अक्षरे, त्यांत जागोजागी `k`, `;` आणि `"` आढळली तर कृतिदेवची शक्यता मोठी. `É`सारखी अक्षरे पुन्हा पुन्हा येत असतील, तर सी-डॅकच्या सुरेखसारखा फाँट असू शकतो. `à¤®à¤°` असा `à¤`चा पाढा दिसला, तर मजकूर आधीच युनिकोडमध्ये असून चुकीच्या पद्धतीने वाचला गेला आहे. तिथे फाइल यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडायची असते. फाँटचे रूपांतर केले तर गोंधळ वाढतो. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हेच साठली असतील, तर मूळ माहिती गेलेली असते आणि जुनी प्रत शोधावी लागते.

‘नीट करा’ याचे दोन अर्थ होतात. कागदावर छापून घ्यायचे असेल, तर तो फाँट संगणकावर बसवणे पुरते. मजकूर शोधता यावा, मोबाइलवर वाचता यावा किंवा पुढे संपादित करता यावा, तर युनिकोडमध्ये रूपांतर हवे. हेतू सांगितलेला नसेल, तर मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर रूपांतर करणे सुरक्षित.

वरच्या ओळीत रूपांतराचे तीन मुख्य पेच दिसतात. `ftYgk`मध्ये `f` म्हणजे पहिली वेलांटी, `t` ज, `Y` अर्धा ल, `g` ह आणि `k` काना. टंकताना वेलांटी आधी येते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. म्हणून ती ‘ज’च्या पुढे सरकवली की ‘जिल्हा’ मिळते. `ifj"kn`मध्ये `"` हा अर्धा ष आणि `k` त्याचा दंड. आधी एकट्या `k`चा काना केला, तर ‘परिषद’मधला ष मोडतो. त्यामुळे `"k`, `Hk`, `/k` अशा जोड्या आधी बदलायच्या आणि सुटी अक्षरे नंतर. `dk;kZy;`मध्ये रफाराचा `Z` ‘या’च्या नंतर आहे, युनिकोडमध्ये ‘र्’ त्याच्या आधी जातो आणि ‘कार्यालय’ तयार होते.

तयार रूपांतरक हे सारे आपोआप करतात, पण मजकूर कोणत्या भाषेत आहे हे त्यांना कळत नाही. मूळ पत्रात `PDF` हा खरा इंग्रजी शब्द असेल, तर त्याचे ‘च्क्थ्’ होते. म्हणून ज्या भागाचा फाँट कृतिदेव आहे तेवढाच भाग रूपांतरित करावा. वर्डच्या स्वयंदुरुस्तीनेही घात होतो. ओळीच्या आरंभीचे `f` मोठे `F` झाले, तर वेलांटीऐवजी अर्धा थ येतो. सरळ `"`चे वळणदार अवतरणचिन्ह झाले, तर ‘ष’ बिघडतो.

तपासणीत आधी उरलेली इंग्रजी अक्षरे शोधावीत. मग व्यंजनाशिवाय ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेल्या मात्रा आणि शब्दाच्या मध्ये उघडे दिसणारे हलन्त पाहावेत. हिंदी मजकूर समोर ठेवून केलेल्या रूपांतरकात ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ चुकू शकतो, म्हणून असे शब्द वेगळे तपासावेत. नावे, तारखा आणि रकमा मूळ फाँटमधल्या छापील प्रतीशी किंवा पीडीएफशी ताडून पाहाव्यात. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत असेल, तर कॉपी केलेला मजकूर विचित्र आला तरी पानावर अक्षरे बरोबर दिसतात.

टंकणाऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र रूपांतराचा भाग नाहीत. विशेषतः सरकारी नोंदीत किंवा आडनावात परस्पर बदल केला, तर कागदाचा अर्थच बदलू शकतो. परत देताना मूळ फाइल, युनिकोड प्रत आणि शंकास्पद शब्दांची छोटी यादी, असे तिन्ही एकत्र द्यावे.