चालताना जड होणारे पाय

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती रोज फेरी मारणाऱ्या ७२ वर्षांच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांची तक्रार अशी : "दहा मिनिटे ठीक चालतो, मग दोन्ही पाय जड होतात, जणू वाळूची पोती बांधली आहेत. उभे राहून उतरत नाही. बाकावर पुढे वाकून बसलो, की दोन-चार मिनिटांत पाय मोकळे होतात." मात्र सायकलवरून ते बाजारात विनासायास जाऊन येतात. बँकेच्या रांगेत उभे राहणे त्यांना जड जाते. काउंटरवर कोपरे टेकून वाकले, की बरे वाटते.

या तपशिलातच निदानाची किल्ली आहे. पायांचा रक्तपुरवठा कमी झाला, तरी चालताना पाय भरून येतात. पण तो त्रास नुसते उभे राहिल्यानेही शमतो, आणि सायकलवर मात्र होतोच. या गृहस्थांच्या पावलांवरील नाडी चांगली लागत होती. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यांतील नलिका अरुंद झालेली दिसली.

वयपरत्वे मणक्यांमधील चकती फुगते, सांधे वाढतात आणि नलिकेच्या मागच्या बाजूचे अस्थिबंध जाड होतात. आपण ताठ उभे राहिलो, की हे जाड अस्थिबंध आत दुमडून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना दाबतात. पुढे वाकताच ते ताणले जातात व नलिका थोडी रुंदावते. म्हणून सामानाची हातगाडी ढकलत चालणे, बसणे किंवा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजणे सुखावह ठरते. अशा माणसाला 'ताठ चाला' असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात; तो त्याने ऐकू नये.

एमआरआयमधील अरुंदपणा म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. काहीही त्रास नसलेल्या वृद्धांतही तो आढळतो. अनेकांचा त्रास वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. म्हणून प्रथम पुढे वाकण्याचे व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, जागीच चालवायची सायकल, आणि थांबत-थांबत चालणे. पाठीतील स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने आराम पडलाच, तर तो बहुधा काही आठवड्यांचा. एवढ्याने भागले नाही आणि घरातल्या घरात वावरणेही अवघड झाले, तर नलिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया विचारात घ्यावी. तिने चालण्याचे अंतर बहुधा वाढते. जुनी कंबरदुखी मात्र जाईलच असे नाही. मणका सरकलेला नसल्यास स्क्रू घालून मणके जोडण्याची सहसा गरज नसते. तसे सुचवले गेल्यास कारण अवश्य विचारावे.

लघवी अडणे वा नकळत होणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या गृहस्थांनी तूर्त शस्त्रक्रिया टाळली आहे. तलावाची फेरी ते आता बाकांच्या हिशेबाने पूर्ण करतात, आणि हयातीचा दाखला द्यायला येताना घडीची खुर्ची सोबत आणतात.