छत्तीस गुणांत न दिसणारं घर

पत्रिका जुळवायला दिली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती गुण जमले? ते छत्तीस गुण कुंडलीतल्या कोणत्या भागावरून मोजतात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. वर्णापासून नाडीपर्यंतची आठही कूटं फक्त चंद्रावरून, म्हणजे दोघांच्या जन्मरास आणि जन्मनक्षत्रावरून काढली जातात. लग्न कोणतं, कोणत्या स्थानात कोण बसलंय, याचा त्यात संबंध येत नाही. म्हणून मुरलेला ज्योतिषी गुणांचा आकडा सांगून थांबत नाही. संसार कसा होईल हे पाहायचं असेल, तर तो चंद्राबरोबर चतुर्थ स्थान उघडतो.

चतुर्थाला सुखस्थान आणि मातृस्थान म्हणतात. आई, वास्तू, घरातलं सुख, मनाचा निवांतपणा हे सगळं ज्योतिषशास्त्र इथे पाहतं. चंद्र हा मनाचा आणि आईचा कारक. मेषेपासून मोजलं तर चौथी येणारी कर्क रास त्याची स्वतःची, आणि चतुर्थात त्याला दिग्बल मिळतं असंही मानतात. त्यामुळे दोन्ही एकत्र वाचायची पद्धत पडली. पण दोघांची कामं वेगळी आहेत. माणूस कशाने शांत होतो ते चंद्रावरून पाहतात. तो कसं घर उभारतो, घरात काय गृहीत धरतो ते चतुर्थ, त्याचा स्वामी आणि तिथले ग्रह यांवरून. जोडीदाराकडून त्याची अपेक्षा काय असेल, याचा अंदाज या दोन उत्तरांच्या बेरजेतून बांधला जातो.

एक काल्पनिक जोडी घेऊ. मुलीचं लग्न सिंह, चंद्र दशमात वृषभेत, रोहिणी नक्षत्रात. मुलाचा जन्म 1991 सालचा, तेव्हा शनी मकरेत होता. त्याचं लग्न तूळ, म्हणून तो शनी चतुर्थात येतो. चंद्र नवमात मिथुनेत, आर्द्रा नक्षत्रात.

गुणमेलनात या जोडीला अडचण नाही. नाडी वेगळी, त्याचे आठ. दोघांचा गण मनुष्य, त्याचे सहा. शुक्र आणि बुध मित्र, म्हणून ग्रहमैत्रीचे पाच. या तीन कूटांतच एकोणीस गुण झाले आणि अठराची रेषा ओलांडली गेली. वृषभ आणि मिथुन शेजारच्या राशी असल्याने द्विर्द्वादश होतं आणि भकूटाचे सात गुण जातात. पण राशिस्वामी मित्र असल्यामुळे बहुतेक ज्योतिषी तो दोष सौम्य मानतात. इथे बैठक संपली तर स्थळ ‘जमतंय’ म्हणून पुढे जाईल.

आता घर पाहू. मुलीचा चंद्र उच्च राशीत आहे. वृषभेचा चंद्र स्थैर्य मागतो असं सांगतात: वेळेवर जेवण, ओळखीच्या वस्तू, आर्थिक निश्चिंती, अचानक बदल नकोत. हा चंद्र दशमातून समोरच्या चतुर्थावर पूर्ण दृष्टी टाकतो, म्हणून घराशी तिचं मन घट्ट जोडलेलं असेल असं वाचलं जातं. पण तिचं चतुर्थ वृश्चिकेचं. घराचं दार मोजक्या माणसांसाठी उघडणारं, घरातली गोष्ट बाहेर जाऊ न देणारं. त्याचा स्वामी मंगळ तिसऱ्या स्थानी धरू, म्हणजे चतुर्थाच्या व्ययात. जन्मघर सोडून दुसऱ्या गावी स्वतःचं घर करणं, असा त्याचा अर्थ लावतात. दोन्ही जोडले की चित्र असं दिसतं: तिला बोलण्यात गोड असण्यापेक्षा शब्दाला पक्का माणूस हवा, आणि दोघांच्या घरात तिसऱ्याची ढवळाढवळ नको.

मुलाच्या चतुर्थातला शनी पाहून घाईने ‘घराचं सुख नाही’ असं सांगणारे भेटतात. हे वाचन अपुरं आहे, कारण ते ग्रह बघतं आणि रास विसरतं. मकर शनीची स्वतःची रास. केंद्रात स्वराशीचा शनी शश योग करतो. अशा चतुर्थाचा अर्थ घर म्हणजे कर्तव्य असा घेतात: आईवडिलांची जबाबदारी, जुन्या शिस्ती, काटकसर. माया दाखवायची ती गळका नळ दुरुस्त करून आणि बिलं वेळेवर भरून. त्याचं मन मात्र मिथुनेच्या चंद्राचं. ते गप्पांनी, मित्रांनी, येण्याजाण्याने मोकळं होतं. त्याला घरात बोलणारं माणूस हवं.

दोन्ही कुंडल्या शेजारी ठेवल्या की मेळ आणि ठिणगी दोन्ही दिसतात. तिला हवं ते स्थैर्य त्याचा शनी देतो. पैसा, जबाबदारी, दिलेला शब्द यांवर फारसं भांडण होऊ नये. ठिणगी पडेल ती दारावर. दमून आल्यावर त्याला चार माणसं हवी असतील आणि तिला दार बंद हवं असेल. शिवाय त्याच्या चतुर्थाला आईवडिलांचं घर सोडवत नाही आणि तिचा चतुर्थेश वेगळ्या घराकडे बोट दाखवतो. छत्तीस गुणांच्या हिशेबात यातलं काहीच आलं नव्हतं.

या वाचनाचा कच्चा दुवा म्हणजे जन्मवेळ. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे वेळ अर्धा तास चुकली तरी रास सहसा बदलत नाही. लग्न मात्र साधारण दोन तासांनी बदलतं, अंदाजे चार मिनिटांना एक अंश. या मुलीचं लग्न सिंहेच्या अठ्ठाविसाव्या अंशाच्या पुढे असेल, तर दहा-बारा मिनिटांच्या फरकाने ते कन्या होईल. मग चतुर्थात वृश्चिकेऐवजी धनू येईल आणि बंद दाराच्या जागी गुरूचं पाहुण्यांनी भरलेलं घर वाचलं जाईल. म्हणून पत्रिकेत आधी लग्नाचा अंश पाहावा. तो राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असेल आणि वेळ आठवणीतून सांगितलेली असेल, तर चतुर्थाबद्दलच्या ठाम विधानांना अर्थ उरत नाही. अशा वेळी काही ज्योतिषी चंद्रकुंडली मांडून चंद्रापासूनचं चौथं स्थान घेतात. मोबाइलवर काढलेली पत्रिका निरयन आहे का, हेही तपासावं. सायन पद्धतीत ग्रह सुमारे चोवीस अंश पुढे दिसतात, आणि वृषभेचा चंद्र मिथुनेत जाऊन बसू शकतो.

दुसरी मर्यादा याहून मूलभूत आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. मुलगा हुशार की मतिमंद, हे सत्तावीस ज्योतिष्यांना केवळ कुंडल्या पाहून सांगायचं होतं. त्यांची सरासरी 46 टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. ती चाचणी घरसंसाराबद्दल नव्हती, हे खरं. पण चतुर्थ आणि चंद्रावरून स्वभाव नेमका कळतो असं म्हणणाऱ्यापाशी त्याहून चांगला पुरावाही नाही.

तरीही या वाचनाचा एक उपयोग करता येतो: त्याला निकाल न मानता प्रश्नांची यादी मानायची. आपल्या जोडीच्या बाबतीत ती यादी चार प्रश्नांची होईल. दमल्यावर तुला माणसं लागतात की एकांत? आईवडिलांबरोबर राहायचं की जवळपास? न सांगता आलेला पाहुणा चालतो का? रागावल्यावर लगेच बोलतोस की दोन दिवसांनी? पत्रिकेने ‘होय’ म्हटलं आणि समोरच्याने ‘नाही’, तर समोरच्याचं उत्तर धरावं.