नुसतं बघायला या

आमच्या महाविद्यालयात एनएसएसचं काम माझ्याकडे होतं, तेव्हाच्या एका शिबिराचा फलक मला अजून आठवतो. लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘घाबरतो तो तरुण कसला!’ शेजारी तक्ता होता, कोणत्या वर्गाच्या किती बाटल्या झाल्या याचा. रक्त गेली कित्येक वर्षं पिशवीत घेतात, पण मुलांच्या तोंडी अजून बाटलीच आहे. अकराच्या सुमारास दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा खाटेवरून उठला, दोन पावलं चालला आणि पांढरा पडून खाली बसला. कपाळावर घाम आला होता. पाय वर करून झोपवल्यावर पाच मिनिटांत तो सावरला. त्या दिवशी चतुर्थी होती आणि त्याचा उपवास होता. अर्जावर ‘काही खाल्लं आहे का?’ या प्रश्नापुढे मात्र त्याने ‘हो’ लिहिलं होतं. का, असं विचारल्यावर म्हणाला, “सर, वर्गातले सगळे तक्त्याकडेच बघत होते.”

त्या फलकाने एक बाटली मिळवून दिली, असं वरवर दिसतं. पण असे फलक रक्तपेढीचंच काम अवघड करतात. रक्त घेण्याआधी भरायचा अर्ज ही तिथली पहिली चाळणी. कावीळ झाली होती का, सध्या कोणती औषधं चालू आहेत, अलीकडे टॅटू काढला का, असे प्रश्न त्यात असतात. काही प्रश्न याहून खासगी असतात. पुढे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरी जंतुसंसर्ग नुकताच झाला असेल तर काही काळ तो तपासणीतही सापडत नाही. त्या मधल्या काळात दात्याचं खरं उत्तर हीच रुग्णाची ढाल असते. मित्रांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून जो रांगेत उभा राहतो, तो खरं उत्तर देईलच असं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही घोषणा नव्याने लिहायला बसलो. ‘श्रेष्ठदान’, ‘जीवनदान’ हे शब्द चुकीचे नव्हेत. पण ज्याने पाच वेळा रक्त दिलंय त्याला ते सांगायची गरज नसते, आणि जो दाराशी घुटमळतोय त्याची अडचण वेगळीच असते. मग मी स्वयंसेवकांना घोषणा बाजूला ठेवायला सांगितल्या आणि विचारलं, “गेल्या वर्षी तुमच्यापैकी कोण आलं नाही आणि का?” फळ्यावर उत्तरं जमली. सुईची भीती. चक्कर आली तर सगळ्यांसमोर शोभा. वजन कमी, अशक्तपणा येईल. आई नको म्हणते. एका शंकेला एक घोषणा, आणि ती त्या शंकेचं खरं उत्तर असली पाहिजे, एवढाच नियम ठरला.

पहिली घोषणा एका मुलाने लिहिली, ‘मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही!’ रक्तपेढीच्या डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, “आमची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच जाड असते. हे वाचून आलेला मुलगा पुढचं काहीच खरं मानणार नाही.” मग फलक झाला, ‘सुई टोचते. क्षणभरच. वाटल्यास दुसरीकडे बघा.’

दुसरी घोषणा होती, ‘२४ तासांत रक्त भरून निघतं.’ ही सगळीकडे दिसते, पण ती अर्धीच खरी आहे. रक्तातला पातळ भाग दिवस-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी तयार व्हायला मात्र काही आठवडे लागतात. म्हणूनच दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर ठेवतात. अशक्तपणाच्या भीतीला आकडाच जास्त कामी आला. रक्त देण्यासाठी वजन किमान ४५ किलो लागतं आणि तेवढ्या वजनाला ३५० मिली घेतात. पन्नास किलोच्या माणसात साधारण सव्वातीन-साडेतीन लिटर रक्त असतं. म्हणून लिहिलं, ‘दहा वाट्यांतली एक वाटी. वजन ४५च्या खाली असेल तर आम्हीच नको म्हणू.’ दुसरं वाक्य मुलींना जास्त आवडलं. कुणीतरी आपली काळजी करतंय, हे त्यातून त्यांना कळत होतं.

चक्कर येण्याचा प्रश्न थोडा अवघड होता. पहिल्यांदा देणाऱ्या तरुणांना, त्यातही कमी वजनाच्यांना आणि घाबरलेल्यांना ती जास्त येते. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूकडे रक्त कमी जातं. तेव्हा ‘घाबरू नका’ असं लिहिण्यात अर्थ नव्हता, काय करायचं ते सांगायला हवं होतं. फाटकावर फलक लागला, ‘उपवास आहे? मग आज नको, पुढच्या वेळी. बाकीच्यांनी नाश्ता करून या.’ पाण्याच्या टाकीशी, ‘आत जाण्याआधी दोन मोठे ग्लास.’ आणि खाटेसमोर, झोपल्यावर नजर जाईल तिथे, ‘मांड्या आवळा, सोडा. पुन्हा आवळा. गप्पा चालू द्या.’ मांड्यांचे स्नायू आवळल्याने रक्तदाब टिकायला मदत होते. शिवाय घाबरलेल्या माणसाला काहीतरी करत राहायला मिळतं.

राहिली गोष्ट नकाराची. नाव नोंदवल्यावरही, अगदी खाटेवर झोपल्यावरही नको म्हणता येतं. पण ते मुलांना कुणी सांगत नाही. म्हणून नोंदणीच्या टेबलावर पाटी ठेवली, ‘कधीही “आज नको” म्हणा. कारण विचारणार नाही.’ वर्गांचा तक्ता काढून टाकला. चहा-बिस्किटं रक्त देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारखीच ठेवली. नाहीतर कोण परत गेलं ते बिस्किटांवरूनच कळलं असतं. आईच्या प्रश्नावर एका मुलीने दोन ओळी लिहिल्या, ‘आईला फोन करून या. आम्ही चार वाजेपर्यंत इथेच आहोत.’

प्रवेशदारावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं, ‘नुसतं बघायला या.’ प्राचार्यांना ते पटलं नव्हतं. “बघायला आलेले बघूनच जातील,” असं त्यांचं म्हणणं. काही जण तसे गेलेही.

प्रथम वर्षाची एक मुलगी सकाळी अशीच दारात उभी राहून बघून गेली. दुपारी तीनला परत आली. येताच म्हणाली, “आईशी बोलले. जेवूनही आलेय.” अर्ज तिने सावकाश भरला. एका प्रश्नावर थांबून डॉक्टरबाईंना हळूच काहीतरी विचारलं. मग बोटातून रक्ताचा थेंब काढून मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब तळाला जातो. तिचा थेंब थोडा खाली गेला, रेंगाळला आणि वर आला.

तिचा चेहरा पडला. डॉक्टरबाईंनी तिला खुर्ची दिली आणि टेबलावरच्या शेवटच्या पाटीकडे बोट दाखवलं, ‘थेंब तरंगला? नापास नाही. पुन्हा भेटू.’ मग तिला रक्ताची नीट तपासणी करून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी आहे हे तिला त्या दिवशीच पहिल्यांदा कळलं होतं. चहा पिऊन निघताना तिने एवढंच विचारलं, “पुढचं शिबिर कधी?”