‘मी’ किती लिहायचं?

नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. साधारण चार वर्षांचा करार होतो, दरमहा पगार मिळतो आणि जागेची रीतसर जाहिरात निघते. जर्मनी, स्वीडनमध्येही अशा पगारी जागा पुष्कळ असतात. अर्जासोबत बायोडेटा, गुणपत्रिका आणि एक-दोन पानांचं ‘मोटिव्हेशन लेटर’ मागतात. या पत्राशी आपले विद्यार्थी सर्वात जास्त झगडतात. स्वतःविषयी बोलायचा संकोच असतो, आणि बोललं नाही तर जागा हातची जाईल ही धास्तीही असते.

समजा, पुण्यात भूशास्त्रात एमएस्सी झालेली एक विद्यार्थिनी अशा जागेसाठी अर्ज करते आहे. भेगाळलेल्या खडकातून भूजल कसं वाहतं, याचं संगणकीय मॉडेल तयार करणं हा प्रकल्प आहे. तिचा पहिला मसुदा असा सुरू होतो : ‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात संशोधन करणं हे माझं स्वप्न आहे. मी मेहनती असून या जागेसाठी अत्यंत योग्य उमेदवार आहे.’

यात खोटं काही नाही. पण विद्यापीठाचं नाव बदलून हेच पत्र रसायनशास्त्राच्या जागेसाठीही पाठवता येईल. असं पत्र वाचून निवड समितीला उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. शिवाय ‘अत्यंत योग्य’ कोण, हे ठरवणं समितीचं काम आहे. ते उमेदवारानेच ठरवून टाकलं की बढाई वाटते.

पत्राची खरी सुरुवात जाहिरातीच्या वाचनातून होते. या जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या आहेत : प्रत्यक्ष मोजमापाचा अनुभव, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येणं आणि भूजल मॉडेलची ओळख. त्यातल्या प्रत्येकीसमोर आपण केलेलं एखादं काम लिहून काढायचं. मग पत्रात विशेषणांची गरजच उरत नाही.

दुसऱ्या मसुद्यात ती लिहिते : ‘प्रबंधासाठी मी बेसॉल्टच्या एका छोट्या पाणलोटात 32 विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली. शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीची पातळी सहा मीटर चढली, दुसरीची जेमतेम दोन. मी मॉडफ्लोमध्ये केलेल्या मॉडेलमध्ये सगळा थर एकसारखा धरला होता, त्यामुळे हा फरक त्यात उतरला नाही. खडकातल्या भेगा त्यामागे असाव्यात असा माझा अंदाज आहे, पण माझ्याकडची माहिती तो तपासायला अपुरी होती. आपल्या प्रकल्पात भेगांचं जाळं स्वतंत्रपणे मांडलं जाणार आहे, म्हणून मी हा अर्ज करते आहे.’

आता ‘मी’ आहे, पण फुशारकी नाही. काय केलं, काय दिसलं आणि कुठे अडलं, हे ती सांगते. जिथे तिचं काम अडलं, तिथूनच त्यांचा प्रकल्प सुरू होतो. जाहिरातीतल्या प्रश्नाशी तिचं नातं त्या अडण्यातूनच दिसतं, कारण ती तिथपर्यंत स्वतः चालत गेली आहे.

आपल्याकडे नम्रतेपोटी सगळीकडे ‘आम्ही’ लिहायची सवय असते, आणि या पत्रात ती महागात पडते. ‘आम्ही मॉडेल तयार केलं’ म्हटलं की ते गाईडनी केलं, सीनियरने केलं की तिने, हे वाचणाऱ्याला कळत नाही. सरळ वाटणी सांगितलेली बरी : ‘विहिरींची निवड सरांच्या सल्ल्याने झाली, मोजणी दोघींनी मिळून केली, आकडेमोडीचा पायथन प्रोग्रॅम मी लिहिला.’ यात दुसऱ्यांचं श्रेय त्यांना मिळतं आणि तिचंही तिच्याकडे राहतं.

जे येत नाही, तेही इथे एका वाक्यात लिहावं. ‘भेगांच्या जाळ्याचं मॉडेल मी अजून केलेलं नाही, मॉडफ्लोवर केलेल्या कामाच्या आधाराने ते शिकायचं आहे,’ एवढं पुरे. मात्र जाहिरातीत अनिवार्य म्हटलेली पदवीच नसेल, तर ती उणीव पत्राने भरून निघत नाही.

भावी मार्गदर्शकांचं कौतुक करतानाही तोल जातो. ‘आपल्या थोर कार्याने मी भारावून गेले’ यापेक्षा त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचून पडलेला प्रश्न लिहावा : तिथे वापरलेली पद्धत, पावसाळ्याच्या चार महिन्यांतच बहुतेक पाणी मुरतं अशा प्रदेशात कितपत चालेल? तो निबंध खरोखर वाचल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारून पाहावं. मुलाखतीला बोलावणं आलं, तर समितीही तेच विचारते. पातळी कशाने मोजली? त्या दिवशी विहिरीतून उपसा चालू होता का? ‘मी मोजली’ असं लिहिणाऱ्या मुलीला याची उत्तरं द्यावी लागतात, आणि मोजपट्टी तिने स्वतः विहिरीत सोडलेली असेल, तर ती देताही येतात.