टू-बीमध्ये न दिसणारे बिल आणि पुरवठादाराला पाठवायचा निरोप

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होते. हिशोब सांभाळणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा पहिला उद्योग म्हणजे खरेदीची वही आणि २बी यांचा मेळ घालणे. दोन-चार बिले हमखास जुळत नाहीत. मग पुरवठादारांना व्हॉट्सअॅपवर निरोप जातो. बहुतेक ठिकाणी तो असा असतो :

“तुमचे रिटर्न भरलेले नाही. आमचे क्रेडिट अडकले आहे. ताबडतोब रिटर्न भरा, नाहीतर पेमेंट मिळणार नाही.”

निरोप पोचतो, दोन निळ्या खुणाही दिसतात आणि पुढे काही घडत नाही. त्यामागे पुरवठादाराचा उद्दामपणा असतोच असे नाही. या तीन वाक्यांत त्याला नेमके काय करायचे ते कुठेच सांगितलेले नसते. हा निरोप वाचणारा माणूस मालक असतो, रिटर्न भरणारा मात्र त्याचा अकाउंटंट किंवा कर सल्लागार. मालक निरोप पुढे ढकलतो. सल्लागाराकडे अशा शंभर पार्ट्यांची कामे असतात. कोणते बिल, कोणता महिना, कुठले रिटर्न हे त्यात नसेल, तर तो निरोप बाजूला पडतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी बिल कुठे अडले आहे ते पाहायला हवे. पुरवठादार आपल्या विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये देतो. त्यातूनच आपली २बी तयार होते. कर मात्र तो जीएसटीआर-३बी भरताना जमा करतो. १ जानेवारी २०२२ पासून नियम स्पष्ट आहे : पुरवठादाराने बिल जीएसटीआर-१ मध्ये दाखवले आणि ते आपल्या २बीमध्ये आले, तरच क्रेडिट घेता येते. पूर्वी न दिसणाऱ्या बिलांपोटी थोडी टक्केवारी घेण्याची मुभा होती, ती तेव्हा संपली. शिवाय त्याने तो कर सरकारकडे प्रत्यक्ष भरलेला असावा, ही कायद्यातली अट वेगळी आहेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीत एक फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. त्याने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी एका छोट्या कारखान्याकडून ८४,००० रुपयांचे नट-बोल्ट घेतले. १८ टक्क्यांनी जीएसटी झाला १५,१२० रुपये, म्हणजे बिल ९९,१२० रुपयांचे. १४ डिसेंबरला नोव्हेंबरची २बी उघडली, तर हे बिल त्यात नाही. २० डिसेंबरला वर्कशॉपला स्वतःची ३बी भरायची आहे, आणि हे १५,१२० रुपये आता खिशातून रोख भरावे लागणार. चिडायला कारण आहे. पण चिडून निरोप लिहिण्याआधी पाच मिनिटे पोर्टलवर घालवावीत.

www.gst.gov.in वर लॉगिन न करताही कोणत्याही पार्टीची माहिती पाहता येते. Search Taxpayer मध्ये जाऊन पुरवठादाराचा जीएसटी नंबर टाकायचा आणि खाली Show Filing Table दाबायचे. त्याने कोणते रिटर्न कोणत्या तारखेला भरले, याची यादी समोर येते. तो दर महिन्याला रिटर्न भरतो की तिमाहीला, हेही तिथेच कळते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. वर्षाला पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला तिमाही रिटर्नची सवलत आहे. त्याचे ऑक्टोबर-डिसेंबरचे जीएसटीआर-१ भरायची मुदतच १३ जानेवारी असते. त्याने काही चुकवलेलेच नसते. अशा माणसाला “रिटर्न भरलेले नाही” म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला फक्त एवढीच विनंती करायची, की तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आमची बिले १३ तारखेच्या आत आयएफएफमध्ये टाकत जा. ही सोय त्याच्याच खात्यात असते, पण तिचा वापर ऐच्छिक आहे. त्यामुळे सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आपल्या उदाहरणातला कारखाना मात्र महिन्याला रिटर्न भरणारा निघाला. यादीत ऑक्टोबरचे जीएसटीआर-१ १० नोव्हेंबरला भरलेले दिसते. ऑक्टोबरची ३बी दिसत नाही, नोव्हेंबरचे जीएसटीआर-१ही दिसत नाही. खरी गाठ इथे आहे. मागच्या महिन्याची ३बी भरलेली नसेल, तर पोर्टल पुढच्या महिन्याचे जीएसटीआर-१ भरूच देत नाही. म्हणजे “नोव्हेंबरचे जीएसटीआर-१ भरा” असे आपण कितीही वेळा कळवले, तरी त्याच्या हातात काही नाही. आधी ऑक्टोबरची ३बी भरावी लागेल, आणि ३बी पूर्ण कर जमा केल्याशिवाय दाखल होत नाही.

ऑक्टोबरचा कर त्याने का भरला नसेल? छोट्या कारखान्याच्या बाबतीत बहुतेकदा कारण एकच असते : पैसे नाहीत. त्याने माल दिला, बिल केले, कर देणे लागला, पण गिऱ्हाइकांकडून पैसे आले नाहीत. आणि त्या गिऱ्हाइकांपैकी एक आपणच असतो. “रिटर्न भरा, मग पेमेंट” असे आपण म्हणतो तेव्हा ज्या पैशातून तो रिटर्न भरणार, तोच आपण अडवून धरतो. उशिराच्या प्रत्येक दिवसाला त्याला विलंब शुल्क लागते, थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज चढते. गाठ आणखी घट्ट होते.

हे सारे लक्षात घेऊन तोच निरोप पुन्हा लिहिला, तर असा होईल :

“नमस्कार शेठ. तुमचे बिल क्र. २१७, दि. १२-११-२०२५, मूळ रक्कम ८४,०००, जीएसटी १५,१२० (सीजीएसटी ७,५६० + एसजीएसटी ७,५६०) आमच्या नोव्हेंबरच्या २बीमध्ये आलेले नाही. आज १६ डिसेंबरला पोर्टलवर तुमची ऑक्टोबरची ३बी आणि नोव्हेंबरचे जीएसटीआर-१ भरलेले दिसत नाही. ऑक्टोबरची ३बी भरल्याशिवाय जीएसटीआर-१ जाणार नाही, म्हणून तुमच्या सल्लागारांना दोन्ही याच क्रमाने भरायला सांगावे. ११ जानेवारीच्या आत झाले, तर आम्हाला पुढच्या २बीमध्ये क्रेडिट मिळेल. मूळ ८४,००० रुपये आज पाठवत आहोत. जीएसटीचे १५,१२० बिल २बीमध्ये दिसताच दोन दिवसांत देऊ. बिलाची प्रत आणि आमचा जीएसटी नंबर सोबत जोडला आहे, हा निरोप तसाच सल्लागारांना पाठवला तरी चालेल. काही अडचण असेल तर फोन करा, मार्ग काढू.”

निरोप लांबला, पण त्यातले एकही वाक्य फुकट गेलेले नाही. “रिटर्न भरलेले नाही” याऐवजी “आज पोर्टलवर दिसत नाही” असे लिहिले आहे. त्याने काल रात्री रिटर्न भरले असेल, तर आपला शब्द खोटा पडत नाही आणि त्यालाही आरोप वाटत नाही. ११ जानेवारी ही तारीख आपल्या सोयीने ठरवलेली नाही. डिसेंबरच्या जीएसटीआर-१ ची ती मुदत आहे. तिच्या आत नोव्हेंबरचे राहिलेले रिटर्न गेले, तर बिल १४ जानेवारीच्या २बीमध्ये येते आणि एक महिना उशिरा का होईना, पैसे वसूल होतात. सल्लागाराला ही तारीख लगेच उमगते. “ताबडतोब” या शब्दावरून त्याला काहीच कळत नाही.

पैशाचे वाक्य सर्वांत विचारपूर्वक लिहावे. फक्त कराची रक्कम राखून ठेवणे बाजारात रूढ आहे आणि ते मला न्याय्य वाटते, पण ते पर्चेस ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेले असावे. मालासकट सगळे पैसे अडवणे आपल्यावरच उलटते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात घेतलेले क्रेडिट परत करावे लागते. वरच्या बिलाचे १८० दिवस ११ मे २०२६ रोजी भरतात. शिवाय पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नाहीतर तो खर्च आपल्या आयकरात त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी धरला जातो.

कधी यादीत सगळी रिटर्न वेळेवर भरलेली असतात आणि तरीही बिल दिसत नाही. तेव्हा रिटर्नचा विषयच काढू नये. त्याच्या अकाउंटंटने एकतर बिल घालायचे राहून गेले आहे, किंवा आपल्या जीएसटी नंबरातले एखादे अक्षर चुकून ते भलत्याच्या खात्यात गेले आहे, किंवा नंबर न घालता किरकोळ विक्रीत धरले आहे. तिथे दोनच ओळी पुरतात : “आमचे हे बिल तुमच्या नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये आमच्या नंबरावर दिसत नाही. कृपया तपासून डिसेंबरच्या रिटर्नमध्ये जोडावे किंवा दुरुस्त करावे.” सोबत बिलाची प्रत आणि आपला नंबर टाइप केलेला असावा, फोटोतला नको. सल्लागार तो थेट उचलून चिकटवू शकतो.

तिसरी परिस्थिती सर्वांत फसवी. बिल २बीमध्ये व्यवस्थित येते, आपण क्रेडिट घेतो आणि विसरून जातो. पुरवठादाराने जीएसटीआर-१ भरलेले असते, त्या महिन्याची ३बी मात्र नसते. यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये नियम ३७अ आला. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याने ती ३बी भरली नाही, तर आपल्याला ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट परत करावे लागते. ही तारीख हुकली तर व्याजही बसते. त्याने नंतर ३बी भरली, तर परत केलेले क्रेडिट पुन्हा घेता येते, पण तोवर पैसा अडकतो. सप्टेंबर उजाडताच आपल्या मोठ्या पुरवठादारांची ३बीची यादी एकदा बघावी. ज्यांची राहिली आहे त्यांना महिना आणि बिलांची यादी देऊन कळवावे : “मार्च २०२६ ची तुमची ३बी पोर्टलवर दिसत नाही, ३० सप्टेंबरच्या आत भरली नाही तर आम्हाला अमुक रुपयांचे क्रेडिट उलटवावे लागेल.”

निरोप कितीही नेटका असला, तरी क्रेडिटचा हक्क त्यातून मिळत नाही, तो बिल २बीमध्ये आल्यावरच मिळतो. २०२५-२६ मधल्या बिलाचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा आपण वार्षिक विवरण त्याआधी भरले तर तोवरच घेता येते. पुरवठादाराची नोंदणी रद्द झालेली यादीत दिसली, तर निरोपाचा उपयोग संपला. तिथे राखून ठेवलेली कराची रक्कमच काय ती नुकसान भरून काढते. म्हणून नव्या पुरवठादाराची फायलिंगची यादी पहिली ऑर्डर देण्याआधी बघावी, आणि कर राखून ठेवण्याची अट त्याच ऑर्डरवर छापावी.